‘मानलं तर बिघडलं काय?’ : पैजेचा युक्तिवाद तक्त्यावर तपासायचा कसा

‘देव असेल तर मानल्याचा फायदाच फायदा, आणि नसेल तर मानून तुझं गेलं काय?’ कुणी असं म्हणालं की ऐकणाऱ्याची पंचाईत होते. देव असल्याचा एकही पुरावा दिलेला नसतो, त्यामुळे खोडायला काही हाती लागत नाही. वाद पुराव्याकडून हिशेबाकडे सरकलेला असतो. मग हिशेबच तपासावा लागतो, आणि तो तोंडी तपासता येत नाही. कागदावर मांडावा लागतो.

या युक्तिवादाचं सगळ्यात गाजलेलं रूप फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल (1623–1662) याचं आहे. पुढच्या पायऱ्या त्याच्याच पैजेवर करून दाखवल्या आहेत. शेवटी तीच पद्धत घरच्या एका प्रसंगाला लावली आहे.

काय लागेल

एक कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर (घरं पुन्हा पुन्हा खोडावी लागतात), आणि समोरच्याचा युक्तिवाद त्याच्याच शब्दांत लिहिलेला. गणित म्हणाल तर गुणाकार, बेरीज आणि टक्केवारी एवढंच. देव आहे की नाही याबद्दलचं स्वतःचं मत सध्या बाजूला ठेवा. ते हातात धरून घरं भरली की आकडे आपोआप आपल्या बाजूला झुकतात.

## 1. नेमका दावा काय आहे ते लिहा

पास्कलने 1654 मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितीशी पत्रव्यवहार केला. प्रश्न जुगाऱ्यांचा होता: डाव अर्धवट मोडला तर पणाला लावलेले पैसे कसे वाटायचे? संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात बहुधा त्या पत्रांपासून मोजतात. ‘अनंत – शून्य’ अशा शब्दांनी सुरू होणारं पैजेचं टिपण त्याच्या मागे राहिलेल्या कागदांत सापडलं आणि 1670 मध्ये इतर टिपणांसोबत छापलं गेलं.

त्यात तो देव सिद्ध करत नाही. उलट, बुद्धीने हा निकाल लागणार नाही असंच तो आधी कबूल करतो. त्याचं म्हणणं एवढंच की नाणं हवेत आहे, छापा-काटा काहीही पडेल, पण पैज लावावीच लागेल, कारण तुम्ही नावेत बसून निघालेला आहात. म्हणजे दावा ‘देव आहे’ असा नसून ‘देव मानणं शहाणपणाचं आहे’ असा आहे. कागदाच्या माथ्यावर हे दुसरं वाक्य लिहा. पहिलं लिहिलंत तर पुढचा अर्धा तास पुराव्यावर भांडण्यात जाईल आणि तक्ता कोराच राहील.

## 2. तक्ता आखा

आडव्या ओळीत आपल्या हातात असलेल्या गोष्टी, उभ्या रकान्यात आपल्या हातात नसलेली जगाची स्थिती, आणि दोन्ही जिथे भेटतात त्या घरात पदरात काय पडतं ते.

| | देव आहे | देव नाही |
|---|---|---|
| मानतो | अनंत सुख | थोडा खर्च |
| मानत नाही | काही नाही | काही नाही |

तळातल्या डाव्या घरात ‘नरक’ लिहायचा मोह होतो. पास्कलच्या या टिपणातल्या हिशेबाचा सगळा भार मिळणाऱ्या अनंतावर आहे, शिक्षेवर नाही. जे म्हटलेलं नाही ते घरात भरू नका. समोरच्याने नरकाचं नाव घेतलं असेल तर मात्र जरूर भरा.

इथली नेहमीची चूक म्हणजे रकान्यात परिणाम लिहिणं. ‘स्वर्ग मिळाला / नाही मिळाला’ हे रकाने होऊ शकत नाहीत, कारण ते ओळीवर अवलंबून आहेत. असे रकाने काय गोंधळ घालतात ते दहावीच्या परीक्षेवर पाहा. ओळी ‘अभ्यास केला’ आणि ‘नाही केला’, रकाने ‘पास’ आणि ‘नापास’. पास झालो तर अभ्यास न करता पास झालेलं बरं, कष्ट वाचले. नापास झालो तरी अभ्यास न करता नापास झालेलं बरं, निदान सुट्टी तरी मजेत गेली. दोन्ही रकान्यांत ‘नाही केला’ वरचढ, म्हणून अभ्यास करू नये! चूक कुठे झाली ते उघड आहे: पास होणं अभ्यासावर अवलंबून असताना आपण त्याला स्वतंत्र रकाना दिला. म्हणून प्रत्येक रकान्याला विचारा, मी ओळ बदलली तर या रकान्याची शक्यता बदलते का? पास्कलचा तक्ता या परीक्षेत उतरतो. आपण मानलं म्हणून देव निर्माण होत नाही आणि नाकारलं म्हणून नाहीसा होत नाही.

## 3. निकाल कोणत्या नियमाने काढला आहे ते ओळखा

तत्त्वज्ञ इयन हॅकिंग याने 1972 मध्ये दाखवून दिलं की पास्कलच्या त्या छोट्या टिपणात एकामागून एक तीन वेगळे युक्तिवाद आहेत. ते वेगळे केले नाहीत तर एकाला उत्तर देईपर्यंत समोरचा दुसऱ्यावर उडी मारतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

पहिला वरचढपणाचा: एक ओळ कुठल्याही रकान्यात दुसरीपेक्षा वाईट नाही आणि निदान एका रकान्यात चांगली आहे, तर ती घ्या. यात शक्यता मोजावीच लागत नाही, म्हणून बोलताना बहुतेक जण हाच वापरतात. ‘गेलं काय?’ या प्रश्नाचा अर्थ हाच: ‘मानतो – देव नाही’ या घरात शून्य आहे. पण तिथे शून्याच्या खाली काहीही असेल, एखादी रविवारची सकाळ किंवा एखादा मोडलेला निश्चय, तरी वरचढपणा संपला. हे पास्कलला ठाऊक होतं. त्याच्या टिपणातला समोरचा माणूसच म्हणतो की पैज लावायची हे ठीक, पण मी कदाचित फार जास्त पणाला लावतोय. तिथून पास्कल दुसऱ्या नियमाकडे वळतो: जिंकण्याची आणि हरण्याची शक्यता सारखी धरून अपेक्षित मूल्य काढा, म्हणजे ओळीतल्या प्रत्येक घराला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज करा. आणि तिसरा: शक्यता सारखी नसली, कितीही बारीक असली, तरी मिळणारं अनंत असल्यामुळे पैज लावाच.

समोरचा कोणत्या नियमावर उभा आहे ते कागदावर लिहा. ‘गेलं काय’ असेल तर तेच एक घर तपासा, बाकी तक्त्याची गरज नाही. ‘मिळणारं इतकं मोठं आहे की’ अशी सुरुवात असेल तर पुढची पायरी.

## 4. आधी साधे आकडे भरा

अनंत लगेच लिहू नका. आधी मोजता येतील असे आकडे भरून तक्ता चालतो कसा ते बघा. देव असेल तर मानणाऱ्याला 990 एकक मिळतं, नसेल तर 10 एकक खर्च होतो, न मानणाऱ्याला दोन्हीकडे शून्य. देव असण्याची शक्यता 5 टक्के धरली तर मानण्याचं अपेक्षित मूल्य:

```
0.05 × 990 + 0.95 × (−10) = 49.5 − 9.5 = 40
```

न मानण्याचं शून्य. पैज फायद्याची. शक्यता अर्धा टक्का धरली तर 4.95 वजा 9.95, म्हणजे उणे 5. पैज तोट्याची. सीमारेषा बरोबर 1 टक्क्यावर येते: खर्च भागिले (लाभ अधिक खर्च), म्हणजे 10 भागिले 1000. आता खर्च 110 करा. सीमारेषा 110 भागिले 1100, म्हणजे 10 टक्क्यांवर गेली.

निरोगी तक्ता असाच वागतो. खर्च वाढवला की सीमारेषा वर, लाभ वाढवला की खाली, आणि शेवटी ‘शक्यता किती?’ या प्रश्नाला बगल देता येत नाही. पुरावा मागच्या दाराने आत आलाच.

## 5. आता अनंत भरा आणि तक्ता हलतो का ते पाहा

990 खोडून तिथे अनंत लिहा. शक्यता 5 टक्के? अनंत. कोटीत एक? अनंत. खर्च 10 ऐवजी 10 लाख? तरी अनंत. शक्यता नेमकी शून्य नसली की निकाल तोच. पास्कलला हेच हवं होतं. पण ज्या तराजूत काहीही टाकलं तरी काटा एकाच जागी राहतो, तो तराजू अडकलेला असण्याचीही शक्यता असते. अडकलाय की नाही ते पाहायला एक सोपी युक्ती आहे, आणि या सगळ्या लेखातली तीच सर्वांत उपयोगी आहे: ओळी वाढवा.

तिसरी ओळ लिहा: ‘नाणं उडवतो, छापा पडला तर मानतो, काटा पडला तर नाही’. हिचं मूल्य अनंताचं अर्धं. अनंताचं अर्धं किती? अनंतच. म्हणजे नाणं उडवणं हे सरळ मानण्याइतकंच चांगलं ठरलं. चौथी ओळ: ‘लॉटरीचं तिकीट काढतो, पहिलं बक्षीस लागलं तरच मानतो’. तीही अनंत. पाचवी ओळ: ‘काहीच करत नाही, चहा पितो’. म्हातारपणी कधीतरी आपोआप श्रद्धा बसेल अशी पुसटशी तरी शक्यता आहेच, तेव्हा चहा पिण्याचं मूल्यही अनंत. मूळची ‘मानत नाही’ ही ओळसुद्धा याच न्यायाने अनंत झाली, कारण आज न मानणारा उद्या मानू लागेल ही शक्यता शून्य नाही. सगळ्याच ओळी बरोबरीत! जो तक्ता ‘मानच’ असं ठासून सांगत होता, तो आता काहीच सांगत नाही.

हा आक्षेप तत्त्वज्ञ अँटनी डफ याने 1986 मध्ये मांडला आणि अ‍ॅलन हायेक याने 2003 मध्ये तडीस नेला. तो विशेष टोचतो, कारण यात पास्कलची सगळी गृहीतकं मान्य केली आहेत. देव, अनंत सुख, शून्य नसलेली शक्यता, सगळं कबूल. तरीही निष्कर्ष निघत नाही.

यावर उत्तर येतं: ‘सगळीकडे अनंत असेल तर ज्या ओळीत ते मिळण्याची शक्यता जास्त ती घ्या.’ उत्तर समंजस आहे, पण त्याची किंमत काय ते लिहून ठेवा. आपण पुन्हा शक्यतांची तुलना करू लागलो, आणि पुढच्या पायरीत रकाने वाढले की ‘कोणत्या देवाची शक्यता जास्त’ हा पुराव्याचाच प्रश्न परत समोर उभा राहतो. दुसरी पळवाट म्हणजे अनंताऐवजी ‘फार मोठा आकडा’ घेणं. मग चौथी पायरी लागू होते आणि सीमारेषा काढावी लागते.

## 6. गाळलेले रकाने शोधा

‘देव आहे’ या रकान्यात पास्कलच्या मनात एकच देव आहे, सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या कॅथलिकांचा. फ्रेंच विचारवंत दिदरो अठराव्या शतकातच म्हणाला होता की हाच युक्तिवाद एखादा इमामही तितक्याच चांगल्या रीतीने करू शकेल. त्याच्यासाठी एक रकाना जोडा. मग आणखी एक जोडा: असा देव, जो लोभाने मानणाऱ्याला दारातून परत पाठवतो आणि प्रामाणिक शंकेखोराला आत घेतो. या रकान्यात अनंत ‘मानत नाही’च्या ओळीत पडतं.

इथे समोरचा म्हणेल, हे देव तुम्ही आत्ता बनवलेत. या तक्रारीत तथ्य आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने 1896 मधल्या एका व्याख्यानात सांगितलं होतं की पर्याय माणसाला ‘जिवंत’ वाटावा लागतो. ज्याचा विचारही मनाला शिवत नाही त्यावर कुणी पैज लावत नाही. हा निकष वापरायला हरकत नाही, पण मग तो सगळ्या रकान्यांना लावा. एक रकाना ‘परंपरेत आहे’ म्हणून ठेवायचा आणि दुसरा ‘मला पटत नाही’ म्हणून काढायचा, असं झालं की तक्त्याचा निकाल तक्ता आखण्याआधीच लागलेला असतो.

मराठी घरात हा तक्ता आखताना आणखी एक गंमत होते. कुलदैवत जेजुरीचं, वारी पंढरीची, आणि वाटेत दर्गा लागला तर तिथेही हात जोडायचे. एकाला मानलं म्हणून दुसरा रागावतो असा हिशेब मनात नसतोच. मग ‘सगळ्यांना नमस्कार’ अशी ओळ सहज सुचते. ती खुशाल लिहा, पण तिची प्रत्येक रकान्यातली घरं भरा. ‘माझ्याशिवाय कुणाला मानू नको’ म्हणणाऱ्या देवाच्या रकान्यात या ओळीला शून्य येतं. पास्कलच्या तक्त्यात दोनच ओळी का आहेत याचं उत्तरही इथेच आहे: त्याच्या देवाला वाटेकरी चालत नाही हे त्याने न सांगता धरलेलं आहे.

## 7. ओळ खरंच हातात आहे का?

‘उद्या सकाळपासून पृथ्वी सपाट आहे असं मान, पाच लाख देतो,’ असं कुणी म्हटलं तर ‘मानतो’ असं म्हणता येईल, मानता येणार नाही. विश्वास ठरवून ठेवता येत नाही. पास्कलला हीही अडचण माहीत होती. त्याचा उपाय असा: विश्वास बसल्यासारखं वागा, पवित्र पाणी घ्या, चर्चमधल्या प्रार्थना करवा, सवयीने विश्वास बसेल.

उपाय पटो न पटो, तक्त्यावर त्याचा परिणाम होतो. पहिल्या ओळीचं नाव ‘मानतो’ राहत नाही, ‘मानता यावं म्हणून वागतो’ असं होतं. खर्च आता वर्षानुवर्षांचा झाला, तो त्या घरात लिहा. आणि वागून विश्वास खरंच बसेल, आणि अशा कमावलेल्या विश्वासाला देव ग्राह्य धरेल, या शक्यतांनी डावं घर गुणावं लागतं.

## 8. अनंताशिवायची पैज कशी दिसते ते बघा

तुलनेला दोन जुने नमुने आपल्याकडेच आहेत. एका संस्कृत सुभाषितात परलोक असेल की नसेल अशी शंका असली तरी वाईट टाळावं, असं सांगून म्हटलं आहे: ‘यदि न स्यात् ततः किं स्यात्, अस्ति चेन्नास्तिको हतः’. परलोक नसेल तर काय बिघडलं, असेल तर नास्तिक मेला! ‘ततः किं’ हे तेच तिसऱ्या पायरीतलं घर, न भरता सोडलेलं.

मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अपण्णक सुत्तात बुद्ध साला गावच्या ब्राह्मण गृहस्थांपुढे अशीच मांडणी करतात, अगदी फाशांच्या भाषेत: एकाला दोन्हीकडे हरणारं दान, दुसऱ्याला दोन्हीकडे जिंकणारं. पण ते घर रिकामं सोडत नाहीत. परलोक नसला तरी परलोक नाकारून वाईट वागणाऱ्याची जाणती माणसं इथेच निंदा करतात, आणि नीट वागणाऱ्याची स्तुती. चारही घरं भरलेली, अनंत कुठेच नाही, म्हणून पाचव्या पायरीतला आक्षेप इथे लागत नाही. तपासायचं राहतं ते वेगळं: परलोक मानणारा नीट वागतो आणि न मानणारा वाईट, ही जोडी खरी आहे का? ‘परलोक मानत नाही पण नीट वागतो’ अशी ओळ घातली की इहलोकातली स्तुती तिलाही मिळते.

## 9. घरच्या प्रसंगाला लावा

लग्न ठरतंय, पत्रिकेत दोष निघाला, शांतीचा खर्च 15,000 रुपये. घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘करून टाका, उगाच विषाची परीक्षा कशाला?’ टळणारं नुकसान घरच्यांच्या हिशेबाने 5 लाखांचं धरू. सीमारेषा 15,000 भागिले 5,00,000, म्हणजे 3 टक्के. (चौथ्या पायरीत खर्च खाली मिळवला होता, कारण तिथे तो देव नसतानाच बसत होता. शांतीचा खर्च दोष असो वा नसो, होतोच.)

आता हे 3 टक्के कशाचे ते नीट वाचा. दोष खरा असण्याचे हे नव्हेत. दोष खरा आहे, आणि शांती केली नाही तर नुकसान होईल, आणि शांती केल्याने ते टळेल, या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असण्याचे आहेत. प्रत्येकीची शक्यता, आधीच्या खऱ्या धरून, उदारपणे 30 टक्के दिली तरी गुणाकार 2.7 टक्के येतो. घरात वाद होतो तो बहुधा फक्त पहिल्या गोष्टीवर, आणि ती मान्य झाली की बाकीच्या दोन आपोआप मान्य झाल्यासारखे सगळे उठून जातात.

शिवाय ही पैज एकदाच लागत नाही. हाच हिशेब खड्याला लागतो, वास्तूच्या दाराला लागतो, मुहूर्तासाठी सोडलेल्या हॉलच्या आगाऊ रकमेला लागतो. ‘15,000 ने काय होतंय’ असं आठ वेळा म्हटलं की 1,20,000 झाले. तेव्हा तक्त्याखाली एक ओळ मोकळी ठेवा आणि त्यात लिहा, याच कारणाने आणखी कशाकशाला हो म्हणावं लागेल. शांती केल्याने आईला शांत झोप लागणार असेल तर तोही लाभच आहे, तो लिहायला लाजू नका. फक्त तो दोन्ही रकान्यांत लिहा, कारण दोष खरा असो वा खोटा, झोप लागणारच आहे.